भागाकार ३० ने नको, १८ ने करा

प्रश्न: एका पतसंस्थेसाठी सभासदांचं मोबाइल ॲप करायचंय. तीन डेव्हलपर, एक टेस्टर, अर्धवेळ लीड, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. डेव्हलपमेंटचा अंदाज १०८ मॅन-डेज आलाय. कोटेशन कितीचं द्यावं? बदलांसाठी बफर किती धरावा?

उत्तर: तीन जणांचे दहा-दहा दिवस म्हणजे ३०, असं धरलं तर काम चार स्प्रिंटमध्ये संपेलसं वाटतं. तसं होत नाही. प्लॅनिंग, स्टँडअप, डेमो यांत माणशी एक दिवस जातो आणि रजा-सुट्ट्यांसाठी मी आणखी एक धरतो. उरले २४. त्यातला चौथा हिस्सा बग निस्तरायला ठेवतो, कारण अंदाज देताना डेव्हलपर तो सहसा धरत नाहीत (तुमच्यांनी धरलाय का, ते आधी विचारा). नव्या कामाला १८ दिवस उरतात, म्हणजे सहा स्प्रिंट.

टेस्टिंगचं काम दर स्प्रिंटला वाढतं. व्याजाच्या हिशोबाला हात लावला की पासबुक, मुदत ठेव, कर्जाचा हप्ता, सगळं पुन्हा तपासावं लागतं. बोर्डावर 'टेस्टिंग बाकी'चा रकाना भरत चालला, तर एकटा टेस्टर पुरत नाहीये. म्हणून सातवा स्प्रिंट फक्त रिग्रेशन आणि पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या यूएटीसाठी ठेवा. त्यात नवं काही घेऊ नका.

आता पैसे. समजा डेव्हलपरचा दिवस ६,००० रुपयांना पडतो, टेस्टरचा ४,००० आणि लीडचा १०,०००. एका स्प्रिंटचे १,८०,००० अधिक ४०,००० अधिक ५०,०००, असे २,७०,००० होतात. काम कमी झालं तरी हा खर्च थांबत नाही, म्हणून बफरही मी टक्क्यांत न धरता अख्ख्या स्प्रिंटमध्ये धरतो. सात स्प्रिंट आणि बफरचा एक, एकूण आठ: २१,६०,००० रुपये. हा झाला तुमचा खर्च. नफा आणि जीएसटी त्यावर.

बफर कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा आणि तो फक्त क्लायंटच्या बदलांसाठी वापरा. 'हप्ता थकला की जामीनदारालाही मेसेज जाऊ द्या' अशी मागणी आली, की डेव्हलपमेंटचे तीन दिवस, टेस्टिंगचा एक, असं लिहून त्यातून वजा करायचं. बफर संपल्यावर नवा बदल हवा असेल, तर तेवढंच दुसरं काम काढायचं किंवा पैसे वाढवायचे.

दुसऱ्या स्प्रिंटनंतर मात्र हिशोब तपासाच. टेस्ट होऊन पूर्ण झालेलं कामच मोजा. ३६ ऐवजी २६ दिवसांचं झालं असेल, तर वेग १३ चा आहे आणि उरलेल्या ८२ दिवसांना चार नव्हे, जवळपास सात स्प्रिंट लागतील. बफरच्या एका स्प्रिंटने ही तूट भरत नाही. त्याच आठवड्यात पतसंस्थेशी बसून पहिल्या रिलीजमधून काय वगळायचं ते ठरवा. अशा वेळी नवीन माणूस घेतला, तर त्याला शिकवण्यात जुन्यांचेच दिवस जातात आणि वेग आधी आणखी खाली येतो.