सुमध्यमा, सिंहकटी आणि झिरो फिगर

प्रश्न : जुन्या काव्यात नायिका 'सुमध्यमा', 'सिंहकटी' असते, आज 'झिरो फिगर' म्हणतात. म्हणजे सौंदर्याची कल्पना काळानुसार बदलते, की बारीक कंबर सगळीकडे आणि कायमच आवडत आली आहे?

'सुमध्यमा' हा बहुव्रीही : जिचा मध्य, म्हणजे कंबर, चांगली आहे ती. किती बारीक, हे शब्द सांगत नाही. 'सिंहकटी'त मात्र प्रमाण आलं. सिंहाची कंबर काही लहान नसते, भरदार छातीपुढे ती बारीक दिसते. त्याच नायिकेला कवी 'नितंबिनी'ही म्हणतात. उलट 'झिरो' हे अमेरिकन कपड्यांचं माप. तिथे सगळा देहच बारीक हवा.

संशोधनातही हाच फरक कळीचा ठरला. टेक्सास विद्यापीठातल्या देवेंद्र सिंह यांनी १९९३ साली स्त्रीदेहाची रेखाचित्रं लोकांना दाखवली. वजनाचे तीन प्रकार आणि प्रत्येकात कंबर-नितंबाची चार गुणोत्तरं, ०.७ पासून १ पर्यंत. पसंती मिळाली मध्यम वजनाच्या ०.७ ला, म्हणजे नितंब ९० सेंटिमीटर तर कंबर ६३. पुढे २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जुनं इंग्रजी, भारतीय आणि चिनी साहित्य चाळलं, तर बारीक कंबरेचं कौतुक तिन्हीकडे सापडलं. आपल्या 'सुमध्यमे'ची साक्षही त्यात आली, कारण रामायण-महाभारत त्यांनी पाहिलं होतं. पण हे जुनं साहित्य लिहिणारे सगळे शेती, धान्याची कोठारं आणि दरबार असलेल्या समाजातले, हे विसरून चालत नाही.

कारण १९९८ मध्ये पेरूच्या जंगलातल्या, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेल्या मात्सिगेंका पुरुषांपुढे तशीच चित्रं ठेवली, तेव्हा त्यांनी आधी वजन पाहिलं. जाड स्त्रिया त्यांना निरोगी वाटल्या आणि कंबरही रुंदच आवडली. त्याच जमातीतले जे लोक बाहेरच्यांत जास्त मिसळले होते, त्यांची आवड मात्र अमेरिकनांकडे झुकलेली निघाली. टांझानियातल्या हाड्झा शिकाऱ्यांनीही समोरून काढलेल्या चित्रांत रुंद कंबरच पसंत केली.

इथे चित्रांचीच एक गोम आहे. रेषेने कंबर आत ओढली की बाई नुसती सुडौल नाही, हडकुळीही दिसते. म्हणजे पाहणारा गुणोत्तराला नाकारतो आहे की उपासमारीला, हे चित्रावरून कळत नाही. शिवाय समोरून पाहिल्यावर मागचा उभार दिसत नाही. २००५ मध्ये हाड्झांना बाजूने काढलेली चित्रं दाखवली, तर तिथे त्यांना कमी गुणोत्तरच आवडलं, अमेरिकन पुरुषांपेक्षाही कमी!

माझं मत विचाराल तर, देह किती भरलेला हवा हे त्या त्या समाजातली अन्नाची शाश्वती आणि आजूबाजूला दिसणारी माणसं बरंचसं ठरवतात. प्रमाणाची आवड त्या मानाने टिकाऊ दिसते, पण ०.७ हा काही सार्वत्रिक आकडा नव्हे. तेव्हा 'सिंहकटी'चं भाषांतर 'झिरो फिगर' करू नका. 'कमनीय बांध्याची' हे जास्त जवळ जाईल.