चुकीच्या खात्यात गेलेले पैसे आणि तुमच्या हातात नसलेली पोच

प्रश्न : नेट बँकिंगवरून १,२०,००० रुपये एनईएफटीने पाठवताना खाते क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे टाइप झाले. पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात गेले. दोन महिने शाखेत चकरा मारतोय. साहेब म्हणतात, ‘समोरच्या बँकेला मेल टाकलाय.’ मी लिहिलेलं नाव त्या खातेदाराचं नव्हतंच, मग बँकेने पैसे जमा केलेच कसे? बँकेवर केस करता येईल का?

उत्तर : नावाचा मुद्दा आधी डोक्यातून काढून टाका. असा प्रश्न विचारणारा प्रत्येकजण तिथेच अडकतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच बँकांना कळवलं आहे की इलेक्ट्रॉनिक व्यवहारात निव्वळ खाते क्रमांक पाहून रक्कम जमा करता येईल आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची राहील. शिवाय १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी पडताळून पाहण्याची सोय द्या, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर ते नाव पाहण्याची सोय बहुधा होती. ते न पाहता पुढे गेला असाल, तर ‘नाव जुळत नव्हतं’ हा युक्तिवाद उलट तुमच्याच अंगावर येईल.

तुम्ही शाखेत स्लिप भरून पैसे पाठवले असते, स्लिपवर क्रमांक बरोबर असता आणि कर्मचाऱ्याने चुकीचा टाकला असता, तर चूक बँकेची ठरली असती. तसं असतं तर मी त्या स्लिपची प्रत मिळवा म्हणालो असतो. तुम्ही मात्र स्वतः टाइप केलं आहे.

त्यामुळे दावा बँकेवर नाही, पैसे मिळालेल्या माणसावर उभा राहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे ज्याला चुकून पैसे दिले गेले, त्याने ते परत केलेच पाहिजेत. त्याच्याशी तुमचा कसलाही करार असायची गरज नाही आणि त्याची लबाडीही सिद्ध करावी लागत नाही. तुमचा निष्काळजीपणा झाला म्हणून ते पैसे त्याचे होत नाहीत.

मग बँक काय करू शकते? तुमची बँक यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, देऊन समोरच्या बँकेला विनंती पाठवते. ती बँक आपल्या खातेदाराला गाठते आणि रक्कम परत वळती करायला त्याची लेखी संमती मागते. त्याने सही केली की काम झालं. नाही केली तर बँक केवळ तुमच्या सांगण्यावरून त्याच्या खात्याला हात लावू शकत नाही, कारण तो तिचा ग्राहक आहे, तुम्ही नाही. तेवढी रक्कम तात्पुरती रोखून धरा, असं तुम्ही म्हणू शकता आणि काही बँका थोडे दिवस तसं करतातही, पण पोलिसांचं पत्र किंवा कोर्टाचा हुकूम नसेल तर त्यांच्यावर सक्ती नाही. त्याचं नाव-पत्ताही बँक तुम्हाला देणार नाही. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

आता माझा खरा राग. दोन महिने चकरा मारल्या, पण त्यातला एक तरी कागद तुमच्याकडे आहे का? तुमच्या पत्रात ‘पोच’ हा शब्द कुठेच नाही. तोंडी तक्रार ही कायद्याच्या दृष्टीने तक्रारच नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे तुमचे ते ३० दिवस अजून सुरूच झालेले नाहीत. पैसे जमा केले म्हणून बँक दोषी नसते. लेखी कळवूनही ती हातावर हात ठेवून बसली, तर मात्र सेवेतली कसूर म्हणून तिला धरता येतं, आणि त्या दिरंगाईचा पुरावा म्हणजे तारखेची पोच.

ही तारीख दुसरीकडेही कामाला येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणं हा गुन्हा आहे. पण ‘मला वाटलं माझंच कोणाकडून तरी येणं होतं’ असं तो माणूस म्हणाला, तर ते खोटं पाडणार कसं? बँकेमार्फत त्याला लेखी कळवल्यानंतर त्याने पैसे काढले, तर ही सबब टिकणं अवघड जातं. म्हणून आजच पत्र द्या. मजकूर एवढाच पुरे :

‘अमुक तारखेला माझ्या अमुक खात्यातून १,२०,००० रुपये (यूटीआर क्रमांक अमुक) चुकून अमुक खात्यात जमा झाले आहेत. अपेक्षित खाते क्रमांक अमुक. कृपया सदर खातेदारास हे पत्र पाठवून रक्कम परत करण्याबाबत त्याची लेखी संमती घ्यावी, तोपर्यंत रक्कम रोखून ठेवावी, आणि केलेल्या कारवाईची माहिती मला लेखी द्यावी.’

एक प्रत तुमच्या शाखेत, दुसरी समोरच्या बँकेच्या शाखेत. शाखा कोणती ते आयएफएससी कोडवरून कळेल. दोन्हीकडे तारखेसह शिक्का घ्या आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. जिच्यासाठी पैसे होते त्या व्यक्तीचं ‘मला रक्कम मिळाली नाही’ असं दोन ओळींचं पत्रही जोडा. व्यवहार खरोखर चुकून झाला, हे त्यातून लगेच दिसतं.

खातेदाराचं उत्तर काय येईल, ते मी सांगू शकत नाही. खातं पडून राहिलेलं असेल तर पैसे बहुधा तिथेच असतील, पण संमती द्यायला माणूस सापडेलच असं नाही. खातं ओव्हरड्राफ्टचं असेल तर तुमची रक्कम त्याच्या थकबाकीत गेलेली असू शकते, आणि तिथे बँकेशीच वाद होईल. समजा त्याने ४०,००० रुपये काढले आहेत आणि ८०,००० शिल्लक आहेत, तर त्या शिलकीवर संमती आधी घ्या. पावतीत मात्र ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर तोच कागद पूर्ण फेड म्हणून समोर येईल.

त्याने नकार दिला तर पोलिसांत तक्रार करा, पण ती ‘फसवणूक’ म्हणून रंगवू नका. तुमची फसवणूक झालेली नाही, आणि १९३० ही हेल्पलाइन सायबर फसवणुकीसाठी आहे. कलम ३१४ चा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. काही ठिकाणी ठाण्यातून फोन गेला की माणूस पैसे परत करतो, काही ठिकाणी काहीच होत नाही.

शेवटी उरतो दिवाणी दावा. त्यात दोन्ही बँकांना पक्षकार करा, खातेदाराचं नाव-पत्ता उघड करण्याचा आदेश मागा आणि त्याच अर्जात १,२०,००० रुपयांपुरता मनाई हुकूम मागा. हुकूम मिळेलच असं मी म्हणत नाही, पण निकालापर्यंत वर्षं जातात आणि तेव्हा खात्यात काही शिल्लक राहावं असं वाटत असेल तर मागायला हवा. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं, चूक लक्षात आल्यापासून किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा आली असती तेव्हापासून. दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लोकअदालतीसाठी अर्ज करून पाहायला हरकत नाही, तिथे कोर्ट फी लागत नाही. मात्र खातेदार हजर राहणार असेल तरच त्याचा उपयोग, आणि तो कोण आहे हे त्याच्या बँकेशिवाय आज कोणालाच ठाऊक नाही. म्हणून पहिल्या पत्रातच बँकेला विचारा : हे पत्र खातेदाराला कधी पोहोचवलं, आणि तो काय म्हणाला?