आधी दिवा जवळ आणा, मग इन्व्हर्टरचं बोला

प्रश्न: घरातल्याच एका खोलीत मुलाखती शूट करतो. दिवसातून तीन-चार वेळा लाईट जाते, कॅमेऱ्याची बॅटरीही मध्येच मान टाकते. 60 वॅटचा एक एलईडी आहे. किती वॅटचा इन्व्हर्टर घेऊ?

उत्तर:

इन्व्हर्टरवाल्यांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर थोडं तिरकं येईल. लाईट गेली की लोक भिंतीतल्या सॉकेटला पर्याय शोधतात. माझं म्हणणं असं की शूटिंगपुरता तो सॉकेट नाहीच असं धरून लाइटिंग करा. मेन्सचा उपयोग फक्त बॅटऱ्या चार्ज करायला. दिवा, कॅमेरा, रेकॉर्डर सगळं पहिल्या टेकपासून बॅटरीवर. मग लाईट गेल्याचं तुम्हाला पंखा थांबल्यावर कळेल, फुटेजमध्ये कळणार नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, "60 वॅटचा दिवा बॅटरीवर किती वेळ टिकणार?" पण मुळात 60 वॅट हवेत कशाला? दिवा साधारण दोन मीटरवर, पूर्ण ब्राइटनेसवर ठेवलेला असतो, कारण स्टँड फ्रेममध्ये येऊ नये म्हणून तो आधीच लांब उभा केलेला असतो. तो फ्रेमच्या कडेला चिकटेल इतका आत सरकवा. 2 मीटरवरून 1.4 मीटरवर आणला की चेहऱ्यावर जवळजवळ दुप्पट उजेड पडतो. म्हणजे तेवढ्याच एक्स्पोजरसाठी दिवा निम्म्यावर, 30 वॅटवर आणता येतो. आता आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 400 वर असेल तर 800 करा. आणखी निम्मा, 15 वॅट. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत 400 आणि 800 मधला नॉइजचा फरक मुलाखत बघणाऱ्याला दिसत नाही. आता हिशोब वॅट-अवरमध्ये, म्हणजे वॅट गुणिले तास असा करा, कारण बॅटरीला नुसते वॅट समजत नाहीत, किती तास तेही लागतं.

चार तासांच्या शूटमध्ये दिवा प्रत्यक्षात अडीच तास लागतो. उरलेला वेळ माइक लावणं, पाणी पिणं, आठवून बोलणं यात जातो आणि तेव्हा दिवा बंद असला पाहिजे. 15 वॅटमध्ये दिव्यातला पंखा आणि सर्किटचे 5 धरा. 20 गुणिले अडीच, 50 वॅट-अवर. पूर्ण 60 वर चालवला असता तर 65 गुणिले अडीच, म्हणजे 162. व्ही-माउंट म्हणजे दिव्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या प्लेटवर अडकवायची मोठी बॅटरी. 98 वॅट-अवरच्या अशा बॅटरीतून 80 टक्केच मिळतील असं धरा, म्हणजे 78. पहिल्या हिशोबात एक बॅटरी पुरते आणि एक राखीव लागते. दुसऱ्या हिशोबात तीन लागतात आणि राखीव धरली तर चौथी. हा सगळा फरक दिवा दोन फूट पुढे सरकवण्याचा आणि आयएसओ दुप्पट करण्याचा आहे. दिव्याला व्ही-माउंट बसत नसेल तर त्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा. तेवढ्याच व्होल्टचा डीसी पुरवठा देणारी बॅटरी प्लेट लावता येते का ते तपासा. प्लग बसतो म्हणून व्होल्टेज जुळतंच असं नाही.

दिवा जवळ आणण्यात एक खोट आहे. माणूस बोलताना पुढे झुकला की उजेड जास्त बदलतो. 2 मीटरवरच्या दिव्याकडे कोणी 20 सेंटिमीटर झुकलं तर उजेड साधारण 23 टक्के वाढतो, 1.4 मीटरवर तीच हालचाल 36 टक्के वाढवते. खुर्ची हलणारी, फिरणारी नको. मागे नीट टेकून बसता येईल अशी द्या. तेवढ्यावर भागतं.

आता इन्व्हर्टरच्या वाटेने काय होतं ते बघा. बॅटरीतला डीसी इन्व्हर्टर एसी करतो, मग दिव्याचा अडॅप्टर तोच एसी परत डीसी करतो. दोन्हीकडे 12 ते 15 टक्के उष्णता होऊन जातात, म्हणजे चौथा हिस्सा वाटेतच संपला. वरचे 162 वॅट-अवर द्यायला बॅटरीतून 215 च्या आसपास काढावे लागतात. शिवाय लाईट जाताना मेन्सवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. अडॅप्टरमधला कपॅसिटर तेवढा वेळ निभावतो किंवा निभावत नाही. नाही निभावला तर दिवा एकदा मिचकावतो, आणि नेमका चांगल्या वाक्यावर मिचकावतो. घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नुसत्या साध्या मोडमध्ये हा वेळ जास्त असतो.

पण खरं नुकसान लाईट जाण्याने होत नाही, येण्याने होतं, आणि हे कोणीच मोजत नाही. टेक चालू आहे, खोली शांत आहे. अचानक पंखा फिरायला लागतो, बाजूच्या खोलीतली ट्यूब लागून भिंतीवर निळसर पट्टा पडतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरतो. रंगही बदलला, आवाजही बदलला, आणि एडिटमध्ये हा सांधा लपत नाही. म्हणून शूटआधी खोलीतले आणि दारातून दिसणारे सगळे दिवे, पंखे बटणावरच बंद करा, लाईट असली तरी. फ्रेममध्ये टेबल लॅम्प हवाच असेल तर त्यातही बॅटरीवरचा बल्ब लावा. इथे एक फसगत होते. लाईट गेल्यावर आपोआप चालू राहणारे इमर्जन्सी बल्ब बॅटरीवर आले की उजेड उतरतो, त्यामुळे ते फ्रेममध्ये कामाचे नाहीत. फ्रिज बंद करत असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे, किल्लीशिवाय घरी जाता येत नाही आणि दूध नासत नाही.

कॅमेऱ्याचं. मिररलेस कॅमेरा व्हिडिओ करताना साधारण 8 वॅट खातो असं धरा. चार तास चालू ठेवला तर 32 वॅट-अवर. मधल्या आकाराची कॅमेरा बॅटरी 16 वॅट-अवरची असते, त्यातले 13 हाती येतात. म्हणजे तीन लागतील, चार ठेवा. बॅटरी संपेपर्यंत थांबू नका. 30 टक्क्यांवर आली की दोन प्रश्नांच्या मधे बदला. चार्ज केलेल्या बॅटरीला रबरबँड लावा, वापरली की काढा. भरलेली कुठली आणि रिकामी कुठली हा घोळ लाईट गेलेल्या खोलीत टॉर्च धरून निस्तरायचा नसतो.

बॅटरीच्या आकाराची डमी घालून तिची वायर थेट सॉकेटला जोडणारे बरेच आहेत. लाईट जाणाऱ्या घरात हे करूच नका. कॅमेऱ्यात दुसरी बॅटरी नसते, त्यामुळे लाईट गेली की रेकॉर्डिंग बंद करायलाही कॅमेऱ्याला वेळ मिळत नाही. एमपी4 फाइलची अनुक्रमणिका बहुतेक वेळा शेवटी, रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती लिहिली गेली नाही तर कार्डावर कित्येक जीबी दिसतात पण फाइल उघडत नाही. असं झालंच तर कार्ड फॉरमॅट करू नका, त्यावर पुढचं काही शूट करू नका. ते त्याच कॅमेऱ्यात घालून कॅमेरा चालू करा, बरेच कॅमेरे दुरुस्ती करू का असं विचारतात. नाही विचारलं तर त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगमध्ये, दुसऱ्या कार्डावर मिनिटभराची चांगली फाइल शूट करा. दुरुस्तीचे प्रोग्राम तिचा नमुना म्हणून वापर करतात. कॅमेरा यूएसबी-सीवर चालत असेल तर आत खरी बॅटरी आणि बाहेर पॉवर बँक, हीच जोडी ठेवा. वायर निसटली तरी आतली बॅटरी सावरते. पॉवर बँकेवरचे 20,000 एमएएच बघून हुरळू नका. ते 3.7 व्होल्टला मोजलेले असतात, म्हणजे 74 वॅट-अवर, आणि रूपांतराची घट वजा जाता 60-65.

चार्जिंगचं गणितही लाईटच्या वेळेप्रमाणे लावा. लिथियम बॅटरी पहिले 80 टक्के झपाट्याने घेते, शेवटचे 20 रडतखडत. लाईट तासभरच असेल तर एका बॅटरीच्या 100 टक्क्यांची वाट बघण्यापेक्षा दोन चार्जर लावून दोघींना 80 वर आणा. त्यात मिनिटं जास्त मिळतात. आणि स्टिकरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नवी बॅटरी आली की पूर्ण चार्ज करून, दिवा रोजच्या ब्राइटनेसवर लावून घड्याळ बघा. किती मिनिटांनी बंद पडला ते मार्करने बॅटरीवरच लिहा, तारखेसकट. सहा महिन्यांनी पुन्हा. आकडा एक तृतीयांश उतरला की ती बॅटरी राखीवमध्ये टाका, मुख्य दिव्याला नको.

एवढं सगळं ऐकूनही इन्व्हर्टर घेणार असाल, तर त्याचं खरं काम लाईट नसताना बॅटऱ्या चार्ज करणं. तुमच्या दिव्याचे 65 वॅट आणि दोन चार्जरचे 60 धरले तर सव्वाशे वॅट होतात. पण छोट्या अडॅप्टरचा पॉवर फॅक्टर 0.6 च्या आसपास असू शकतो, म्हणजे ते वॅटच्या मानाने जास्त करंट ओढतात, त्यामुळे इन्व्हर्टरच्या भाषेत तो भार 200 व्हीएच्या पुढे जातो. 400 व्हीएचा पुरे. प्युअर साइन वेव्हच बघा, नाहीतर काही अडॅप्टर गुणगुणतात आणि ती गुणगुण माइकमध्ये येते. बॅटरी 12 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड असेल तर कागदावर 1200 वॅट-अवर, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, आणि इन्व्हर्टरची घट जाऊन सॉकेटला 500 च्या आसपास मिळतात. इन्व्हर्टर ठेवा दुसऱ्या खोलीत, त्याच्या पंख्याचा आवाज येतो.

आणि हो, दिवा 200 वॅटच्या वरचा असेल तर माझा बराचसा युक्तिवाद लागू होत नाही. एक साधी व्ही-माउंट बहुतेक वेळा तेवढा करंट देऊ शकत नाही. दोन बॅटऱ्यांची प्लेट लागते, किंवा मग खरंच इन्व्हर्टर. पण तुमच्याकडे 60 चाच आहे.