मेल नऊ दिवस ड्राफ्टमध्येच होता

"व्हेंडरमुळे माझं प्रोजेक्ट अडलंय. स्पॉन्सरना कळवायला हवं, पण ती चुगली वाटते. आणि 'तुम्हाला एवढंही सांभाळता येत नाही का?' असं ते म्हणाले तर?"

एका प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनी असं म्हणत मोबाईल माझ्यापुढे धरला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ड्राफ्टमध्ये नऊ दिवस पडून असलेला मेल चांगलाच लांब होता: आधी दिलगिरी, मग चौदा मेलची साखळी आणि अगदी शेवटी, "कृपया लक्ष घालावे." मी विचारलं, "लक्ष घालावे म्हणजे स्पॉन्सरनी उद्या सकाळी नेमकं काय करायचं?" त्या गप्प झाल्या. भीतीपोटी मागणीच लिहायची राहून गेली होती.

काम होतं एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन फीचं. पेमेंट गेटवेच्या व्हेंडरने सोमवारी, 3 तारखेला, चाचणीसाठीच्या कीज द्यायच्या होत्या. आम्ही बोललो तो दिवस 17 तारखेचा. वेळापत्रकात कामाच्या 10 दिवसांची सवड होती, ती संपली होती. यापुढचा प्रत्येक दिवस थेट शुभारंभाच्या तारखेतून जाणार होता. स्पॉन्सरकडे जायची वेळ हीच. सवड शिल्लक असताना पाठपुरावा मॅनेजरनेच करायचा असतो.

"यात आपल्या बाजूची चूक किती?" या प्रश्नावर त्यांचा चेहरा उतरला. व्हेंडरला सर्व्हरचा आयपी पत्ता कळवावा लागतो, आणि त्यांच्या टीमने जुना पत्ता पाठवला होता. त्यात 4 दिवस गेले. खरी धास्ती हे उघडं पडण्याची होती. मी म्हटलं, हेच आधी लिहा. व्हेंडर ते सांगणारच आहे, आणि त्याच्याकडून कळलं तर तुमच्या बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास जाईल.

मग आम्ही मिळून एवढंच ठेवलं:

"गेटवेच्या कीज न मिळाल्याने जोडणीचं काम थांबलं आहे. 10 पैकी 4 दिवस आमच्या चुकीच्या आयपीमुळे गेले, ती चूक 7 तारखेला दुरुस्त केली. त्यानंतर 3 वेळा तारीख मिळाली, कीज नाहीत. सवड आज संपली. दोन गोष्टी हव्यात: उद्या आपण व्हेंडरच्या संचालकांशी बोलावं. गुरुवारी, 20 तारखेपर्यंत कीज आल्या नाहीत, तर पहिला टप्पा बँकेच्या चलनावर सुरू करायचा की तारीख पुढे न्यायची, हे शुक्रवारी ठरवावं. माझ्या मते चलन बरं, कारण प्रवेश थांबणार नाहीत. मात्र पावत्या हाताने जुळवाव्या लागतील."

'बेजबाबदार' हा शब्द त्यांनी स्वतःच खोडला. 7 तारीख आणि हुकलेल्या 3 तारखा पुरेशा होत्या.

चुगलीचा सल तरीही होताच. त्यावर मी एकच सुचवलं: पाठवण्याआधी व्हेंडरच्या मॅनेजरला फोन करा, काय लिहिलंय ते सांगा. पाठीमागे बोलल्याची बोचणी मग राहत नाही. त्यांनी तो फोन माझ्यासमोरच लावला. पलीकडचा माणूस थोडा थांबून म्हणाला, "मॅडम, पाठवा. माझं आमच्याकडे कोणी ऐकत नाहीये."

कीज गुरुवारी दुपारी आल्या. तारीख 3 दिवस सरकली, आणि ते 3 दिवस स्पॉन्सरना आधीच ठाऊक होते.