कार्डिनल स्प्लाइनने वेपॉइंटमधून रोबोटचा मार्ग काढतोय. टेन्शन किती ठेवू? अॅनिमेशनला तोच आकडा चालेल का?

शून्यापासून सुरुवात करा आणि आकड्याला हात लावण्याआधी बिंदूंमधली अंतरं मोजा. यावरून माझा आमच्या टीम लीडशी महिनाभर वाद चालला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

गोदामात फिरणारा दोन चाकांचा रोबोट होता. काटकोनी वळणाचा कोपरा छाटून जावं म्हणून बिंदू दिले होते, मीटरमध्ये: (०, ०), (४, ०), (४.४, ०.४), (४.४, ४.४). टेन्शन ०, म्हणजे कॅटमुल-रॉम. रोबोट कोपरा छाटायचा सोडून कोपऱ्याच्याही बाहेर गेला, थांबला, जागच्या जागी उलटा फिरला आणि मग पुढे निघाला. लीड म्हणाले, "टेन्शन वाढव."

मी आधी कागदावर गणित मांडलं. टेन्शनला c म्हटलं, तर बिंदूवरची स्पर्शिका अशी निघते:

```
m = (1 - c) * (next - prev) / 2
```

c शून्य असताना (४, ०) वर ती (२.२, ०.२) येते. मागच्या चार मीटरच्या तुकड्यामुळे ती लांबलचक होते, आणि पुढचा तुकडा मात्र जेमतेम ५७ सेंटिमीटरचा. एवढा जोर त्यात मावत नाही. त्या तुकड्याच्या मध्यावर मार्ग (४.४५, −०.०५) ला पोचतो, वेग शून्य होतो आणि दिशा थेट १८० अंशांनी उलटते. आलेख काढलात तर तिथे टोकदार अणी दिसेल.

c ०.५ केल्यावर अणी गेली आणि लीड खूश झाले. मी वळणाच्या मध्यावरची त्रिज्या काढली, ती भरली १३ सेंटिमीटर! माल लादलेल्या रोबोटला असं वळण द्यायचं? मी c परत शून्य केला आणि दोन्ही सरळ भागांत दर मीटरला एक बिंदू टाकला. त्रिज्या ४० सेंटिमीटर झाली. बदल्यात वळणाच्या अलीकडे-पलीकडे मार्ग ३ सेंटिमीटर बाहेर झुकतो, तेवढी जागा आमच्याकडे होती. विषम अंतरांचं दुखणं टेन्शनने झाकू नये, हे माझं मत आजही ठाम आहे. अंतरं सारखी झाल्यावरही मार्ग बाहेर फुगत असेल, तरच ०.२-०.३ पर्यंत जा.

अॅनिमेशनचं थोडक्यात: c १ च्या जवळ नेऊन प्रत्येक तुकड्यावर ० ते १ धावणारा t समान पावलांनी वाढवलात तर पात्र प्रत्येक बिंदूवर थबकतं. वक्राची लांबी मोजून त्यावर पावलं टाका.

लायब्ररीचा अर्थही तपासा. `d3.curveCardinal` मध्ये ० म्हणजे कॅटमुल-रॉम आणि १ म्हणजे सरळ रेषा. GDI+ च्या `DrawCurve` मध्ये ० म्हणजे सरळ रेषा आणि मुळातली किंमत ०.५.

आणि c काहीही ठेवा, बिंदूवर वक्रता एकदम बदलतेच. दोन चाकांच्या रोबोटला सावकाश चालवलं तर ते खपतं. मोटारीसारखं स्टिअरिंग असेल तर कार्डिनल सोडा आणि वक्रताही सलग ठेवणारा क्यूबिक स्प्लाइन घ्या.