कानाचं मशीन 'बंद पडलं' की आधी सेल बघा, मग मळ

प्रश्न: आईला (७२) महिन्यापूर्वी कानामागचं मशीन घेतलं. आता म्हणते आवाजच येत नाही, आणि मशीन डब्यात ठेवून देते. सेल नवा टाकला तरी तेच. सांगलीला दुकानात न्यायच्या आधी घरी काय बघावं?

माझ्या सासऱ्यांचं मशीन मीच सांभाळते, त्यामुळे यातलं थोडंफार कळतं.

नवा सेल टाकताना स्टिकर काढून लगेच दार लावलं का? हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा, मग टाका. स्टिकर पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. नंबरही जुळला पाहिजे: तपकिरी स्टिकर ३१२ चा, नारिंगी १३ चा. रात्री सेलचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे सेलही टिकतो आणि आतली ओल सुकते.

आता मशीन चालू करून दोन्ही तळव्यांत बंद करा. बारीक शिट्टी आली तर मशीन ठीक आहे, अडचण बहुधा आईच्या कानात आहे. मळ साचला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काडी किंवा पिन अजिबात नको, त्याने मळ आत ढकलला जातो. शिट्टी नाही आली तर आवाज बाहेर पडतो ते तोंड बघा. (काही नव्या मशिनांत शिट्टी दाबलेली असते, तेव्हा या परीक्षेवर फार विसंबू नका.)

सासऱ्यांचं मशीन असंच गप्प झालं होतं. सेल नवा, शिट्टी नाही. कानात जाणाऱ्या टोकावरची पांढरी जाळी मळाने पिवळी पडून बुजली होती. मशीनसोबत मिळालेल्या काडीच्या रिकाम्या टोकाने ती ओढून काढली, दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवली, आणि आवाज आला. तेव्हापासून रोज सकाळी मऊ ब्रशने पुसते. रात्रभरात मळ सुकतो, मग तो सहज निघतो. तोंड खाली धरायचं, नाहीतर भुगा आतच पडतो.

आईच्या मशीनला जाळीऐवजी नळी आणि साचा असेल, तर फक्त साचा नळीसकट सोडवून कोमट साबणपाण्यात धुवा. नळीतला थेंब फुंकणीने काढून रात्रभर सुकू द्या. मशीनला मात्र पाणी लागता कामा नये. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेल बाहेर काढून.

हे सगळं ठीक असूनही ती काढून ठेवत असेल, तर बहुधा भांड्यांचा खणखणाट किंवा स्वतःचाच घुमणारा आवाज तिला नकोसा होतोय. सुरुवातीला शांत खोलीत एकाच माणसाशी गप्पा, दिवसातून दोन-तीन तास पुरे, मग हळूहळू वाढवा. घरच्यांनी ओरडू नये, समोर येऊन बोलावं. नेमका कोणता आवाज टोचतो ते लिहून दुकानात न्या, त्यावरून ते मशीन जुळवून देतात.

आणि वापरलेले सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर वाट न बघता थेट दवाखान्यात.