नायकाचा बदल भाषणाशिवाय कसा दाखवायचा?

प्रश्न: माझा नायक पुढे यायलाच तयार नसतो. शेवटी तो बदलतो, पण ते लांबलचक भाषणातूनच कळतं. काय करू?

उत्तर: एकच पेच त्याच्यापुढे तीनदा आणा आणि दर वेळी किंमत वाढवा.

समजा, तो सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. मालकाकडून त्याने उचल घेतली आहे. कांड्या भरणाऱ्या मावशींची मजुरी कापली जाते, तेव्हा तो मान खाली घालून माग चालू ठेवतो. गप्प राहणं हीसुद्धा निवडच, आणि उचल माहीत असल्याने वाचकाला ती पटते.

पुढच्या वेळी तो कोणाला न सांगता आपल्या पगारातून मावशींची तूट भरून देतो. हे अर्धं पाऊल मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बहुतेक कथांत तेच गळतं आणि ती फट भाषणाने बुजवावी लागते.

तिसऱ्यांदा मालक त्याला मुकादम करतो, अट एवढीच की कापलेल्या मजुरीच्या हिशेबावर सही करायची. सुटायची वाट इथे खरोखर सोपी हवी, नाहीतर ती निवड उरत नाही, नाइलाज होतो. तो वही मावशींपुढे उघडी ठेवतो. मालक उचल लगेच मागतो.

मग या प्रसंगातले त्याचे सगळे संवाद खोडून वाचा. बदल दिसेनासा झाला, तर दुसरा प्रसंग पुन्हा लिहा.